बहुमत नेमके कशाचे? आमच्या मतमोजणीचा अनुभव

खानापूर तालुक्यातील आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षपदाची निवडणूक यंदा प्रथमच पसंतीक्रमाने, म्हणजे नावांपुढे १, २, ३ असे क्रम लिहून झाली आणि मोजणीचा तक्ता लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मतदान आणि पहिली फेरी विनातक्रार उरकली. ६१ मतपत्रिकांपैकी एकीवर दोन नावांपुढे १ होता, दुसरीवर नुसती खूण होती. त्या अवैध ठरवून ५९ उरल्या, म्हणजे बहुमताला ३० हवी होती. उमेदवारांना क, ख, ग, घ म्हटले तर त्यांना अनुक्रमे २२, १७, १२ आणि ८ मते पडली.

३० कोणालाच नव्हती, म्हणून सर्वांत कमी मतांचा घ बाद झाला. पुढच्या पसंतीनुसार त्याच्या ८ पत्रिकांपैकी १ क कडे, ३ ख कडे, ३ ग कडे गेल्या, तर एकीवर पुढची पसंतीच नव्हती. ती ‘संपलेली’ या वेगळ्या ओळीत लिहिली. मग १५ मतांचा ग बाद झाला आणि तेथेच आम्ही दीड तास अडकलो.

आधी माझ्या सहकाऱ्याने एक पत्रिका संपलेल्यांत टाकली, कारण तिच्यावर ग ला १ आणि घ ला २ होता व घ आधीच बाद झाला होता. वास्तविक घ ला ओलांडून तिसरी पसंती पाहायला हवी होती आणि ती ख ला होती. ही चूक बेरजेत दिसत नाही. पत्रिका कोठेही गेली तरी एकूण ५९ च भरते. म्हणून संपलेल्यांचा गठ्ठा उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर एकेक करून पुन्हा पाहावा, असे मी आग्रहाने सांगते.

दुरुस्तीनंतर १५ पैकी ३ क ला, ८ ख ला मिळाल्या आणि ४ संपल्या. आता क २६, ख २८, संपलेल्या एकूण ५. ख कडे ३० नव्हती, पण चालू असलेल्या ५४ पत्रिकांत २८ हे बहुमत होते. आमच्या नियमात मात्र नुसते ‘बहुमत’ एवढाच शब्द होता, आणि तो लिहिणाऱ्यांचा मला आजही राग येतो, कारण दोन्ही बाजूंचे लोक खरे बोलत होते. अखेर एका निवृत्त शिक्षकांनी विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघातील रीत सांगितली: तेथे कोटा वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त असा आधीच ठरतो, पण तो कोणीच गाठला नाही तर बाद करत करत शेवटी उरणारा निवडून येतो. त्या रीतीनेही क बाद होऊन ख च उरत होता, तेव्हा क च्या प्रतिनिधीने सही केली.

एक राहिले: काही सभासदांनी क्रम कन्नड अंकांत लिहिले होते आणि घाईतला कन्नड एक शून्यासारखा दिसतो. कोणते अंक चालतील, हे मतपत्रिकेवरच छापावे. इतिवृत्तात मी ‘वैध ५९, संपलेल्या ५, चालू ५४, ख २८’ असे चारही आकडे लिहिले आहेत.