नरम पडलेल्या वडीचा रिव्ह्यू

मागच्या नोव्हेंबरात सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाला आणि मी घरून सांबारवडीच्या ऑर्डरी घ्यायला लागले. चार वड्यांचा डबा, सोबत कढीची छोटी बाटली. नागपुरात जवळजवळ प्रत्येक घरी कोणाला तरी ही पुडाची वडी येते, त्यामुळे अनोळखी बाईकडून ती विकत काहून घ्यायची, हा प्रश्न लोकांना पडणारच. पहिल्या तीन आठवड्यांत 23 गिऱ्हाईकं झाली. बहुतेक ओळखीतली, नाहीतर ओळखीच्यांच्या ओळखीतली.

गूगलवर धंद्याची नोंद केली. पत्ता दाखवायचा नव्हता, म्हणून फक्त डिलिव्हरी कुठे कुठे देते तो भाग टाकला: प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, मनीषनगर. खात्री पटवायला स्वयंपाकघराचा व्हिडिओ मागितला, तोही दिला. मग मी शहाणपणा केला. दोन जावा, बहीण आणि भाचा यांच्याकडून एकाच संध्याकाळी पाच-पाच चांदण्यांचे रिव्ह्यू टाकून घेतले. आठवड्यात त्यातले तीन गायब. राहिलेला एक वाचून शेजारच्या काकू म्हणाल्या, "हे तुझ्या जावेनंच लिहिलं ना वो?" आडनाव तर सारखंच होतं! घरच्यांनी रिव्ह्यू देणं गूगलच्या नियमात बसत नाही, हे मला तेव्हा कळलं. उरलेला मी स्वतःच काढायला लावला.

दुसरी चूक छापून झाली होती. 'रिव्ह्यू द्या, पुढच्या डब्यावर 50 रुपये सूट' अशी शंभर कार्डं. भाच्याने सांगितलं, पैसे किंवा सूट देऊन रिव्ह्यू घेणंही चालत नाही. खूश दिसणाऱ्यांनाच गाठून मागायचं, तेही नाही. कार्डांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आता किराण्याची यादी होते.

मग सगळ्यांनाच विचारायचं ठरवलं. पण "कसं वाटलं?" विचारलं की "छान" किंवा नुसता अंगठा येतो, आणि त्या अंगठ्याचा कोणाला काय उपयोग? प्रश्न बदलला: "वडी पोचली तेव्हा कुरकुरीत होती का? तिखट जास्त झालं का?" वेळही बदलली. आधी मी रात्री नऊला विचारायची, तेव्हा माणूस भांडी आवरत असतो. आता डबा पोचल्यावर साधारण तासाभरात विचारते, चव तोंडात असतानाच. उत्तर आलं की लगेच गूगलची लिंक पाठवते: "हेच इथे लिहाल का? जसं आहे तसंच." लिंक नसली तर लोक शोधत बसत नाहीत. एकदा आठवण करते, दुसऱ्यांदा नाही.

फोटोंसाठी डब्यात हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवली: 'एक वडी मधून तोडा आणि खिडकीपाशी फोटो काढा.' अख्खी वडी बाहेरून कोणाचीही सारखीच दिसते. तोडली की आत सांबार किती, खसखस-खोबरं किती आणि नुसतं बेसन किती, ते दिसतं. ट्यूबलाइटखाली मात्र हिरवा सांबार पार काळपट येतो. फोटो आला की विचारते, "स्टेटसला लावू का? नाव लिहू का?" हो आल्याशिवाय लावत नाही. मनीषनगरच्या एका ताईंनी फोटो दिला, पण नाव नको म्हणाल्या. एकीच्या फोटोत मुलगा बसलेला होता, तेवढा भाग कापला. चॅटचा स्क्रीनशॉट लावायचा तर नंबर झाकते, तारीख मात्र ठेवते.

23 जणांकडून नऊ रिव्ह्यू आले आणि पाच फोटो. त्यातला एक तीन चांदण्यांचा: 'चव चांगली, पण वडी नरम पडली होती.' रात्रभर झोप नाही. काढून टाकायची विनंती करावी असंही मनात आलं. पण बाई खोटं बोलत नव्हत्या. गरम वडी मी झाकणाच्या प्लास्टिक डब्यात भरत होते, वाफ आतच कोंडत होती. दुसऱ्या दिवशी वड्या जाळीवर पंधरा मिनिटं गार केल्या, पुठ्ठ्याच्या डब्याला दोन भोकं पाडली, आणि गूगलवर त्यांच्याखालीच लिहिलं: 'बरोबर आहे ताई, वाफेने नरम झाली. आता वडी गार करून भोकाच्या पुठ्ठ्याच्या डब्यात देते.' फुकट डबा पाठवायचा मोह झाला होता, पण मग तोही रिव्ह्यू विकत घेतल्यासारखाच झाला असता.

पंधरा दिवसांनी त्यांनी स्वतःहून पुन्हा डबा मागवला, आणि जुन्याच रिव्ह्यूत एक ओळ वाढवली: 'दुसऱ्यांदा घेतली, कुरकुरीत होती.' चांदण्या तीनच ठेवल्या.

जानेवारीत वर्धा रोडवरून एका अनोळखी काकांचा फोन आला. आठ वड्या हव्या होत्या. पत्ता लिहून घेतला, भाव सांगितला, तर म्हणाले, "ते सारं ठीक आहे जी. डबा भोकाचाच देता ना आता?"