खाड्यांनी शिकवलेला हिशेब

बारा वर्षं दुसऱ्यांच्या मेसमध्ये पोळ्या लाटल्या, भाज्या केल्या. स्वतःची मेस काढायची तर स्वयंपाकाची भीती नव्हतीच. सदाशिव पेठेत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असा तळमजल्याचा फ्लॅट बघितला. आजूबाजूला एमपीएससीची मुलं, थोडे नोकरीवाले.

पहिली अडचण करारनाम्याची आली. अकरा महिन्यांच्या करारात ‘फक्त राहण्यासाठी’ असं छापलेलं होतं आणि मी ते वाचलंच नव्हतं. एफएसएसएआयच्या नोंदणीला जागेचा पुरावा लागतो. तो द्यायला गेले तेव्हा हे लक्षात आलं. घरमालक आधी नाहीच म्हणाले. मग डिपॉझिट वाढवून, भिंती काळ्या झाल्या तर रंग मी देईन असं लिहून देऊन संमतीपत्र मिळवलं. नोंदणीची फी वर्षाला शंभर रुपये, अर्जही ऑनलाइन. वेळ गेला तो त्या एका कागदात. गॅस मात्र पहिल्या दिवसापासून एकोणीस किलोचा व्यावसायिकच घेतला. घरगुती लाल सिलिंडर मेसला लावणं बेकायदा आहे, आणि मोठ्या शेगडीपुढे तो पुरतही नाही.

पहिल्या महिन्यात ३८ मेंबर झाले. दर २,८०० रुपये. रविवारी संध्याकाळी बंद, म्हणजे तीस दिवसांत ५६ जेवणं, एका जेवणाला पन्नास रुपये. चार पोळ्या, एक भाजी, वरण किंवा आमटी, भात. किलोभर कणकेच्या २८-३० पोळ्या होतात, म्हणजे ३८ जणांना एका वेळी पाच किलोच्या वर कणीक. हे सगळं मला पाठ होतं. चुकले ते खाड्यांत.

मी म्हटलं होतं, ‘जेवलं नाही त्याचे पैसे नाहीत.’ मुलं खूश! महिनाअखेर वही बेरजेला घेतली तर ३१० खाडे. पन्नासाने गुणा, साडेपंधरा हजार रुपये परत. आणि अन्न तर त्या प्रत्येक वेळी शिजलेलं होतं, कारण कुणी येणार नाही हे मला जेवणं संपल्यावर कळायचं. रात्री परातीत पंचवीस-तीस पोळ्या उरायच्या. सकाळी फोडणीची पोळी करून आम्हीच खायचो. माझ्या हाताखालची मावशी म्हणाली, “ताई, आता पोळीचं तोंड बघवत नाही.”

दुसऱ्या महिन्यात नियम बदलला. सलग तीन दिवस जाणार असाल, आणि आदल्या दिवशी सांगितलंत, तरच खाडा धरणार. तोही रोख परत नाही, पुढच्या महिन्यात तेवढी जेवणं जास्त. पैसे आगाऊ. सहा मुलं सोडून गेली, त्यातला एक भांडूनही गेला. मग एकट्या रात्रीच्या जेवणासाठी ग्रुपवर सांगितलं की येणाऱ्यांनी काही लिहू नका, न येणाऱ्यानेच पाचच्या आत ‘नाही’ लिहा. ‘येणारे लिहा’ म्हटलं की निम्मे विसरतात आणि जेवायला मात्र येतात.

तरी दोन-चार जण न सांगता येत-जात राहतातच. म्हणून आता मी कणीक मोजलेल्या संख्येपेक्षा चार जणांची कमी मळते आणि किलोभर पीठ परातीशेजारी कोरडं ठेवते. गर्दी दिसली की मळायला घेते. आमटी कमी पडली तर त्यात पाणी ओतत नाही, मुलं पहिल्या घासाला ओळखतात आणि आठवडाभर बोलतात. त्याऐवजी पिठलं टाकते. बेसन, कांदा, मिरची, दहा मिनिटं. खरं सांगायचं तर काही जण त्या पिठल्यासाठीच उशिरा येतात असा मला संशय आहे.

सोसायटीची तक्रार मात्र वेगळ्याच गोष्टीवरून आली. वास नाही, गाड्या नाहीत, मोरी! तिसऱ्या आठवड्यात खालच्या चेंबरमधून पाणी वर आलं. प्लंबरने बोटभर जाडीचा पांढरा गोळा काढून दाखवला, तेल आणि भाताची शितं यांचा. सेक्रेटरी काका शेजारीच उभे. तेव्हापासून ताट आधी बादलीत झटकायचं, खरकटं वेगळं, मोरीला बारीक जाळी, आणि कढईतलं तेल कागदाने पुसल्याशिवाय पाण्याखाली नाही. जाळी मावशी दिवसातून दोनदा उपसते.

या महिन्यात पूर्वपरीक्षा झाली. त्याच संध्याकाळी अठरा जणांनी ‘नाही’ लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी बॅगा घेऊन गावी गेले. ४१ वरून २३. एकोणीस किलोचा सिलिंडर जो पाच-सहा दिवस जायचा, तो आता नऊ दिवस चाललाय. भाडं तेवढंच आहे. म्हणून सध्या मी शेजारच्या बँकेतल्या सात जणांना दुपारचे डबे सुरू केलेत. ती माणसं परीक्षेनंतर गावी जात नाहीत.