बिल भरलं

मराठीत कर्ता गाळायला कुणाची परवानगी लागत नाही. ‘जेवलास?’ ‘हो, आत्ताच जेवलो.’ यात ‘तू’ नाही, ‘मी’ नाही, आणि कुणाचं काही अडलं नाही. क्रियापदाच्या शेवटी जे एक-दोन अक्षरांचं शेपूट असतं, त्यात माणूस ओळखू येतो. म्हणून आपण दिवसभर बिनकर्त्याची वाक्यं बोलत असतो आणि आपण असं काही करतोय हे लक्षातही येत नाही. लक्षात येतं ते त्या शेपटात माणूस सापडला नाही की.

आमच्या घरच्या ग्रुपवर एकदा दादाने लिहिलं, ‘लाइटबिल भरलं’. पुढे काही नाही, पूर्णविरामसुद्धा नाही. वहिनीने वाचलं, ह्यांनी बिल भरलं वाटतं, म्हणून अंगठा दाखवला. बाबांना वाटलं, सुनेने भरलंय आणि अंगठ्याने तसं कळवलंय. दादाला तर शंकाच आली नाही, कारण त्याने प्रश्न विचारला होता, फक्त प्रश्नचिन्ह टाकायचा कंटाळा केला होता. त्याला उत्तर मिळालं, अंगठा म्हणजे ‘हो’. तिघंही निश्चिंत झाले. पुढच्या महिन्याच्या बिलात मागची बाकी आणि तिच्यावर विलंब आकार छापून आला तेव्हा ‘पण तूच तर म्हणालास’ हे वाक्य एकाच वेळी तीन दिशांनी गेलं.

दोष अर्थातच आळसाचा आहे, पण आळसाला आपल्या भूतकाळाने हात दिला. भरणे, देणे, आणणे, सांगणे, ठेवणे ही सकर्मक क्रियापदं भूतकाळात गेली की कर्त्याकडे पाठ फिरवतात आणि कर्माकडे बघू लागतात. फॉर्म भरला, पाणीपट्टी भरली, बिल भरलं. भरणारा बाप्या आहे की बाई, एक आहे की दहा, याच्याशी त्या ‘ला-ली-लं’ला कर्तव्य नसतं. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणत आणि ‘रामाने आंबा खाल्ला’ या वाक्यावर तो शिकवत. त्या वाक्यात राम हजर असतो म्हणून अडचण कधी दिसली नाही. रामाला काढून टाका. ‘आंबा खाल्ला.’ आता उरतो तो फक्त आंब्याचा पुल्लिंगीपणा.

‘बिल भरलं’ कोण कोण म्हणू शकतं ते मोजून बघावं. मी, आम्ही, आपण, त्याने, तिने, त्यांनी. सहाही जागी रूप तेच. सुटतात फक्त समोरचे, कारण ‘तू’ला ‘भरलंस’ असतं आणि ‘तुम्ही’ला ‘भरलंत’. तिथेही आता तो ‘स’ आणि ‘त’ गळायला लागलाय. ‘तू बिल भरलं का?’ असं सर्रास बोललं जातं, लिहिलं जातं, आणि मीही हल्ली त्यावर कुणाला टोकत नाही. पण तेवढा एक ‘स’ जागेवर असता तर दादाचं वाक्य ‘लाइटबिल भरलंस’ झालं असतं, आणि चिन्ह नसतानाही तो प्रश्नच आहे हे कळलं असतं. (कुणाला ‘भरलंस’ म्हटलंय, हे कळलं नसतं. ग्रुपवरच्या ‘तू’चा पत्ता लागणं हा वेगळाच विषय आहे.)

एरवी आपला गोंधळ का होत नाही? कारण आपण मनात एक साधा नियम चालवतो. विधान असेल तर करणारा बोलणारा, आणि प्रश्न असेल तर करणारा ऐकणारा. ‘भरलं.’ म्हणजे मी. ‘भरलं?’ म्हणजे तू. आधीपासून तिसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चालू असेल तर तो. बोलताना हे सगळं स्वरावर निभावतं. शेवट जरा वर उचलला की प्रश्न, खाली सोडला की उत्तर. कागदावर आणि फोनवर स्वर नसतो, त्याचं काम त्या एवढ्याशा चिन्हावर येऊन पडतं. ते चिन्ह नुसतं प्रश्न दाखवत नाही, ते कर्ताही बदलतं.

कोकणातल्या जुन्या माणसांनी या भानगडीवर इलाज काढून ठेवला होता. तो अजून काही घरांत ऐकू येतो. ‘बिल भरलंन’, ‘मला सांगितलंन’, ‘शिवी दिलीन’. शेवटचा तो ‘न’ म्हणजे तो किंवा ती. अनेकजण असतील किंवा आदराचं माणूस असेल तर ‘नी’, म्हणजे ‘बाबांनी सांगितलंनी’. कर्ता गाळला तरी हरकत नाही, करणारा मी नव्हे, दुसरंच कुणीतरी, एवढं त्या एका अक्षरात पक्कं होतं. प्रमाण मराठीने हा ‘न’ घेतला नाही. त्या बोलण्याची थट्टा करणारे पुष्कळ भेटतात, पण मला तर यात आपलंच नुकसान झालेलं दिसतं. ग्रुपवर बिल भरणाऱ्यांचं तर नक्कीच.

वर्तमानकाळात माणूस अर्धाच लपतो. ‘बिल भरतोय’ म्हटलं की निदान पुरुष आहे असं वाटतं, आणि तो मी असेन किंवा तो असेल. मात्र ‘आम्ही’ पण ‘भरतोय’च, आणि त्या ‘आम्ही’त चारही बायका असल्या तरी ‘भरतोय’च. ‘भरतेय’ म्हणजे मी बाई किंवा ती. भविष्यकाळाचं उलटं. तो स्त्री की पुरुष हे सांगत नाही, पण व्यक्ती चोख सांगतो, मी भरेन, तू भरशील, तो किंवा ती भरेल, आम्ही भरू. निदान सांगायचा. आता ‘मी करेल’, ‘मी येईल’ इतकं पसरलंय की ‘उद्या बिल भरेल’ असा निरोप आला तर पाठवणाऱ्याने स्वतःचा शब्द दिलाय की भावाचा, हे त्याला पुन्हा विचारून घ्यावं लागतं.

बायकांच्या वाट्याला एक जास्तीची गुंतागुंत येते. ‘मी गेले’ आणि ‘बाबा गेले’ यात क्रियापद एकच. स्त्रीच्या तोंडचं एकवचन आणि वडीलधाऱ्यांचं आदरार्थी अनेकवचन नेमकं एकाच रूपावर येऊन बसतं. बहिणीचा मेसेज आला, ‘काल दवाखान्यात गेले होते, आता बरं आहे’, आणि वडिलांचं पथ्यपाणी चालू असेल तर भाऊ आधी वडिलांना फोन लावतो. वडील म्हणतात, मला काय झालंय? मग कळतं की ताप तिलाच होता. भावाने हाच मेसेज पाठवला असता तर ‘गेलो होतो’ आलं असतं आणि वडिलांचा प्रश्नच उठला नसता. ‘होते’ काढून नुसतं ‘गेले’ लिहिलं तर वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, ते वेगळंच.

माझं सगळ्यात आवडतं वाक्य मात्र दोन शब्दांचं आहे, ‘म्हणाली येतो’. मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना आपण त्याचं क्रियापद बहुतेक जसंच्या तसं ठेवतो. ‘म्हणाला येतो’ म्हणजे तो स्वतः येतोय, ‘म्हणाली येते’ म्हणजे ती येतेय. मग ‘म्हणाली येतो’ म्हणजे कोण येतंय? तिने स्वतःपुरतं सांगितलं असतं तर ‘येते’ हवं होतं. तेव्हा एकतर ती ‘आम्ही येतो’ म्हणाली, आणि पानं जास्त मांडावी लागणार. किंवा ‘तो येतो’ म्हणाली, ती स्वतः येतच नाही, नवऱ्याला पाठवतेय. किंवा ती कोल्हापूरकडची आहे, जिथे मुली-बायकाही बिनदिक्कत ‘मी येतो’, ‘मी आलो’ म्हणतात, आणि मग ती एकटीच यायची. आणखी एक वाट आहे, ती सहसा सुचत नाही. ‘म्हणाली’ हे एका बाईचं रूप आहे तसं मुलांचंही आहे, ‘मुलं म्हणाली’. तेव्हा ‘म्हणाली येतो’ यात बाई अजिबात नसेल, नुसती मुलं असतील. निरोप सांगणाऱ्याला यातलं काहीही अडत नाही. त्याला माहीत असतं, म्हणून तो निवांत असतो. बिनकर्त्याचं वाक्य बोलणाऱ्याला नेहमीच स्वच्छ दिसतं.

इथवर सगळा नकळत होणारा घोळ झाला. मुद्दाम करणारेही आहेत. सरकारी पत्रातलं ‘उचित कार्यवाही करण्यात आली’ हे तर उघडच, त्यात करणारा शोधायला जाऊ नये. घरातली तऱ्हा जास्त बारीक असते. ‘कप फोडला’ यात कर्ता नाही, पण त्याची रिकामी खुर्ची आहे, कुणीतरी फोडलाय. ‘कप फुटला’ यात खुर्चीच नाही, कप आपला आपण फुटला. लहान मुलांना व्याकरण येत नाही असं म्हणणाऱ्याने फुटलेल्या कपाजवळ उभ्या असलेल्या पोराला विचारून बघावं. ते ‘फुटला’ म्हणतं, चुकूनही ‘फोडला’ म्हणत नाही. फारच दाब पडला तर ‘हातातून पडला’, म्हणजे हातापर्यंत येतं, हात कुणाचा ते नाही. ‘सांडलं’ आणि ‘हरवली’ ही त्याहून सोयीची, कारण ती दोन्हीकडे चालतात. ‘दूध सांडलं’ म्हणजे दूध आपोआप सांडलं किंवा मी ते सांडलं, रूप तेच. ‘किल्ली हरवली’ म्हणजे किल्ली गेली कुठेतरी किंवा मी ती घालवली. ऐकणाऱ्याने हवं ते घ्यावं, आणि बोलणारा खोटं बोललेला नसतो.

काही क्रियापदं मात्र अशी सूट देत नाहीत. विसरणे, शिकणे, पिणे यांना कर्म असलं तरी ती भूतकाळात कर्त्याला सोडत नाहीत. ‘चहा घेतला’ यात घेणारा दिसत नाही, ‘चहा प्यायले’ यात बाई दिसते, नाहीतर आदराचं माणूस. ‘किल्ली ठेवली’ कुणीही, ‘किल्ली विसरलो’ मात्र पुरुषाने, आणि तोही स्वतःच बोलतोय. म्हणजे पकडला गेला असं आपल्याला वाटतं. पण ‘विसरलो’ हे ‘आम्ही’चंही रूप आहे. बाहेर पडून दार ओढून घेतल्यावर खिसे चाचपत नवरा म्हणतो, ‘अगं, किल्ली आतच विसरलो.’ त्यात अपराधाची निम्मी वाटणी परस्पर झालेली असते. मुरलेल्या बायकोला ते तिथल्या तिथे कळतं.

‘विसरलो नाही,’ ती म्हणते, ‘विसरलास.’