माझा अनुभव : बाजारहिश्श्याचा छेद आणि सात आठवड्यांची प्रतीक्षा

सात आठवडे आम्ही एका कोष्टकाची वाट पाहिली, आणि ते हाती आले तेव्हा त्यातील आकडे माल कुठे विकला गेला यानुसार नव्हे, तर तो कुठे तयार झाला यानुसार मांडलेले होते. त्या गोष्टीला आता बरेच महिने झाले, तरी आठवण झाली की मला राग येतो. दोन कंपन्यांच्या विलीनीकरणासाठी भारतीय स्पर्धा आयोगाकडे अर्ज करताना नेमके कशापाशी अडकायला होते, हे यामुळे मला कळले.

मी व्यवसायाने कॉस्ट अकाउंटंट आहे आणि पुण्यात काम करते. टँकरने वाहून नेल्या जाणाऱ्या एका औद्योगिक रसायनाची उत्पादक कंपनी त्याच रसायनाच्या दुसऱ्या उत्पादकाला विकत घेणार होती आणि बाजारहिश्श्याचा भाग तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. कंपन्यांची व रसायनाचे नाव मी देणार नाही. गोपनीयतेसाठी पुढचे आकडेही मी थोडे बदलून सरळ केले आहेत, मात्र त्यांतील नाते जसेच्या तसे ठेवले आहे. घेणाऱ्या कंपनीला ‘अ’ आणि विकल्या जाणाऱ्या कंपनीला ‘ब’ म्हणू.

संचालक मंडळाचे ठराव, करारनामे, ताळेबंद ही कागदपत्रे आठवड्याभरात जमा झाली. कोणता अर्ज भरायचा यावरही फार वाद झाला नाही, कारण एकाच मालाचे दोन विक्रेते एकत्र येत असतील आणि त्यांचा मिळून हिस्सा १५ टक्क्यांहून अधिक असेल, तर सविस्तर माहितीचा दुसरा नमुना भरणे अपेक्षित असते. देशभराचा विचार केला तरी आमचा हिस्सा २० टक्के होत होता. पहिल्या नमुन्याचे शुल्क ३० लाख रुपये आणि दुसऱ्याचे ९० लाख रुपये, त्यामुळे वित्त विभागाने एकदा प्रयत्न करून पाहिला, पण वकिलांनी तो विषय तेथेच थांबवला.

आम्ही अडकलो ते हिश्श्याच्या छेदापाशी. अंश सोपा असतो, कारण आपण किती टन विकले हे आपल्या खात्यात लिहिलेले असते. पण भागायचे कशाने? संपूर्ण देशातील विक्रीने, की ज्या प्रदेशात टँकर प्रत्यक्ष पोहोचतो तेथील विक्रीने? आणि ज्या कारखान्यांत हे रसायन स्वतःच्याच पुढील उत्पादनासाठी तयार होते आणि बाहेर कधीच विकले जात नाही, त्यांचे उत्पादन त्यात धरायचे की नाही?

कंपनीच्या विक्री विभागाने आधीच एक तक्ता करून ठेवला होता. त्यात संपूर्ण देश हीच बाजारपेठ होती. ‘अ’ १२ टक्के, ‘ब’ ८ टक्के, इतर तिघे अनुक्रमे २२, १६ आणि १० टक्के, आणि उरलेले आठ छोटे उत्पादक प्रत्येकी ४ टक्के. पहिल्या चार विक्रेत्यांच्या हिश्श्यांची बेरीज, म्हणजे चार कंपन्यांचे केंद्रीकरण गुणोत्तर, विलीनीकरणापूर्वी ६० आणि नंतर ६८ होत होते. प्रत्येकाच्या हिश्श्याचा वर्ग करून बेरीज घेतली, म्हणजे हर्फिंडाल–हर्शमन निर्देशांक काढला, तर तो ११७६ वरून १३६८ वर जात होता. वाढ १९२. ही वाढ काढण्यासाठी पूर्ण बेरीज पुन्हा करावी लागत नाही. एकत्र येणाऱ्या दोघांच्या हिश्श्यांचा गुणाकार करून त्याची दुप्पट घेतली की झाले, येथे २ × १२ × ८. विक्री विभागाचे म्हणणे असे, की एवढ्या आकड्यांवर कोणी आक्षेप घेणार नाही.

मला ते पटले नाही, कारण हे रसायन स्वस्त आणि जड आहे. चारशे-पाचशे किलोमीटरच्या पुढे गेले की वाहतुकीचा खर्च मालाच्या किमतीला खाऊ लागतो. स्पर्धा कायद्याच्या कलम १९ मध्ये भौगोलिक बाजारपेठ ठरवताना पाहायच्या गोष्टींत वाहतूक खर्चाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि वस्तूची बाजारपेठ ठरवताना स्वतःच्या वापरासाठी केलेले उत्पादन वगळण्याचाही. होल्सिम आणि लाफार्ज यांच्या प्रकरणात २०१५ मध्ये आयोगाने सिमेंटसाठी देशभराची नव्हे, तर पूर्व भारताची बाजारपेठ धरली होती आणि जोजोबेरा व सोनाडीह येथील कारखाने विकण्याची अट घातली होती. जड मालाच्या बाबतीत ‘आमची बाजारपेठ म्हणजे भारत’ हे विधान किती टिकेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

म्हणून पश्चिम भारताचा वेगळा छेद हवा होता आणि त्यासाठी त्या व्यवसायातील एका उत्पादक संघटनेकडे आम्ही विक्रीचे आकडे मागितले. पहिले उत्तर तीन आठवड्यांनी आले, त्यात विक्री नव्हती, कारखान्यांची स्थापित क्षमता होती. क्षमता आणि विक्री यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. बंद पडलेली भट्टीसुद्धा क्षमतेत मोजली जाते. आम्ही पुन्हा लिहिले, दूरध्वनी केले, प्रत्यक्ष जाऊन बसलो. सातव्या आठवड्यात जे कोष्टक मिळाले त्यात राज्यवार टन होते, पण राज्य उत्पादकाचे होते. गुजरातमध्ये तयार होऊन नाशिकला उतरलेला टँकर गुजरातच्या खात्यात, आणि परदेशातून बंदरावर उतरलेला माल कोणाच्याच खात्यात नाही. शिवाय व्यापाऱ्यांनी उत्पादकांकडून घेऊन पुन्हा विकलेला माल दोनदा मोजला गेला होता. असे कोष्टक सही-शिक्क्यासह येते आणि पाहताक्षणी विश्वसनीय वाटते, म्हणूनच ते धोक्याचे. अर्ज करणाऱ्यांनी आधी एवढेच पडताळावे : सर्व विक्रेत्यांच्या नावापुढील टन आपल्या ग्राहकांच्या अंदाजे वापराशी जुळतात का. आमच्याकडे ते सुमारे एक-पंचमांशाने जास्त भरत होते.

शेवटी आम्ही संघटनेचा नाद सोडला आणि दोन्ही कंपन्यांच्या ई-वे बिलांकडे वळलो. प्रत्येक बिलावर माल निघाल्याचा आणि उतरल्याचा पिन कोड असतो. येथे एक गोष्ट सांगायची राहिली, जी खरे तर आधी सांगायला हवी : आयोगाची मंजुरी मिळेपर्यंत ‘अ’ आणि ‘ब’ हे प्रतिस्पर्धीच असतात, त्यामुळे त्यांनी एकमेकांची ग्राहकनिहाय माहिती पाहता कामा नये. ‘ब’ची बिले फक्त वकिलांच्या आणि माझ्या हाती आली, आणि कंपनीला आम्ही केवळ एकत्रित बेरजा दाखवल्या. यासाठीचा गोपनीयतेचा करार पहिल्या दिवशीच करून ठेवावा. आमचे चार दिवस त्यात गेले.

बिलांवरून दोन गुणोत्तरे काढली. पश्चिम भारतात दोघांनी तयार केलेल्यापैकी किती माल याच प्रदेशात विकला गेला, हे एक. मोठ्या ग्राहकांच्या खरेदी नोंदी मिळवून, या प्रदेशात वापरलेल्यापैकी किती माल येथेच तयार झालेला होता, हे दुसरे. दोन्ही गुणोत्तरे बरीच वरची आली, म्हणजे ७५ टक्के तर सोडाच, ९० च्या आसपास. या पद्धतीला एल्झिंगा–होगार्टी कसोटी म्हणतात आणि ७५ व ९० हे तिचे रूढ टप्पे आहेत. दोन्ही गुणोत्तरे एवढी वर असली, की तो प्रदेश वेगळी बाजारपेठ म्हणून धरता येतो. तिची मर्यादा अशी, की ती आजचा प्रवाह दाखवते. आपण भाव वाढवले तर बाहेरचा माल आत येईल का, हे ती सांगत नाही.

आता छेद तयार झाला. पश्चिम भारतात वर्षाला १० लाख टन, त्यातील ४ लाख टन स्वतःच्या वापरासाठी, म्हणून खुली विक्री ६ लाख टन. आमच्या दोघांची मिळून विक्री ३ लाख टन. स्वतःचा वापर धरला तर हिस्सा ३० टक्के, वगळला तर ५०. कंपनीचा आग्रह अर्थातच पहिल्यासाठी होता. मी विचारले, की भाव वाढले तर हे कारखाने आपला माल बाजारात आणतील का? त्यांच्यापैकी एकाकडेही टँकर भरण्याची सोय नव्हती. मग वगळण्यावाचून पर्याय उरला नाही.

खुल्या विक्रीत ‘अ’ ३०, ‘ब’ २०, तिसरा २५, चौथा १५ आणि दोन छोटे प्रत्येकी ५ टक्के. निर्देशांक २२०० वरून थेट ३४००. वाढ १२००. आणि चार कंपन्यांचे गुणोत्तर? ते ९० वरून ९५ झाले, म्हणजे देशभराच्या तक्त्यातील ८ पेक्षाही कमी वाढ. हे पाहून विक्री विभागाच्या एका अधिकाऱ्यांनी मला मोठ्या आशेने विचारले, “मॅडम, मग हेच गुणोत्तर पुढे केले तर?” मी त्यांना समजावले, की ‘ब’ आधीच पहिल्या चारांत होता, त्यामुळे दोघे एक झाल्यावर रिकाम्या जागी ५ टक्क्यांचा छोटा विक्रेता वर सरकला आणि गुणोत्तर फक्त त्याच्या हिश्श्याने वाढले. सर्वांत मोठा ‘अ’ आणि तिसऱ्या क्रमांकाचा ‘ब’ एकत्र येऊन निम्मा बाजार एका हाती जातो, हे त्या बेरजेला दिसतच नाही. वर्ग केल्यावर ते लपत नाही.

भारतीय कायद्यात निर्देशांकाची ठरावीक सीमारेषा नाही. युरोपीय आयोगाच्या २००४ च्या मार्गदर्शिकेनुसार निर्देशांक २००० च्या वर असताना वाढ १५० पेक्षा कमी असेल, तर सहसा चिंता केली जात नाही. अमेरिकेत २०२३ पासून १८०० च्या वर निर्देशांक आणि १०० पेक्षा अधिक वाढ असली की विलीनीकरण हानिकारक असल्याचे गृहीत धरले जाते. आपल्याकडे कलम २० मध्ये घटकांची यादी आहे : आयात, नव्या विक्रेत्याला येणाऱ्या अडचणी, खरेदीदारांची ताकद, जोमदार प्रतिस्पर्धी नाहीसा होणे. आम्ही प्रत्येकाचा प्रामाणिकपणे विचार केला. खतकारखान्यांसारखे मोठे खरेदीदार भाव पाडू शकत होते, पण छोट्या कापडरंगाई कारखान्यांकडे ती ताकद नव्हती. चौथ्या विक्रेत्याची भट्टी पूर्ण क्षमतेने चालत होती, म्हणजे आम्ही भाव वाढवले तरी तो अधिक माल देऊ शकला नसता. आयात होती, पण बंदरापासून दूर तिचा दर परवडत नव्हता.

अर्जापूर्वीच्या सल्लामसलतीत आम्ही हे सगळे मांडले आणि ‘ब’चा एक कारखाना, ज्याच्याकडून प्रदेशातील १६ टक्के विक्री होत होती, या भागात अस्तित्व नसलेल्या खरेदीदाराला विकण्याची तयारी स्वतःहून दाखवली. मग हिस्से झाले ३४, २५, १६, १५ आणि दोन पाच-पाच. निर्देशांक २३१२, म्हणजे मूळ आकड्यापेक्षा ११२ ने जास्त. ‘ब’चा तो कारखाना विकायचा म्हणून कंपनीत बरीच नाराजी होती. पण आम्ही लपवण्याऐवजी मोजून दाखवले, याचा मला अभिमान आहे.

मंजुरी त्याच अटीवर मिळाली. आता कारखान्याच्या विक्रीवर देखरेख सुरू आहे आणि दर महिन्याला त्याच्या पाठवणीची नोंद मी उतरणीच्या पिन कोडनुसार ठेवते.