आलूचं पाणी फेकून द्या

मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, पथ्याच्या कागदावर एकही ‘मिलिग्रॅम’ नाही. आहारतज्ज्ञ मॅडमनी आधी आमच्या घरी रोज काय शिजतं ते विचारून घेतलं आणि मग चमचा, वाटी, गंज, गिलास या मापांत सगळं लिहिलं. किडनी बरीच मंदावली आहे, डायलिसिस अजून लागलेलं नाही, आणि रक्तात पोटॅशियम ५.८ निघालं. ते साधारण पाचच्या आत असावं. जास्त वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. पंचाईत अशी की माणसाला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही, रक्त तपासल्यावरच कळतं. त्यामुळे मामाजींना पटवणं कठीण. ‘मले तं काईच होत नाई, मंग कायचं पथ्य?’

वरुडकडच्या घरात पथ्य पाळायचं म्हणजे पहिली गाठ संत्र्याशी. मृग बहाराचा माल फेब्रुवारी-मार्चात उतरतो, तेव्हा ओसरीवर ढीग असतो आणि येता-जाता सोलणं हा मामाजींचा धर्म. कागदावर लिहिलंय : ‘संत्रा-मोसंबीचा रस बंद. फळ खायचंच तर अर्धं, तेही रोज नाही.’ गिलासभर रसाला तीन-चार संत्री लागतात, म्हणजे तेवढ्यांचं पोटॅशियम एका दमात पोटात. त्याऐवजी सफरचंदाच्या चार फोडी, आणि जांभळाच्या दिवसांत मूठभर जांभळं. केळी आणि नारळपाणी सरळ खोडलेलं.

मला सगळ्यात आवडतो तो आलूचा परिच्छेद. आलू सोला, बारीक फोडी करा, धुवा, मोठ्या गंजात भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या. मग फोडणी घाला. पोटॅशियम पाण्यात उतरतं, पण त्यासाठी फोड लहान हवी आणि पाणी सढळ हवं. अख्खा आलू सालासकट उकडला तर ते बरंचसं आतच राहतं. नुसतं रात्रभर भिजवूनही फारसं निघत नाही, उकळावंच लागतं. बारीक फोडी उकळल्या की साधारण निम्मं निघून जातं. निम्मं, सगळं नाही. म्हणून वाटी लहानच. कुकरमध्ये शिजवून तेच पाणी भाजीत ठेवलं तर सगळी मेहनत वाया. रश्श्याचंही तसंच. मामाजींचा जीव तर्रीत, आणि फोडींतून सुटलेलं सगळं तिथेच जमलेलं. आता फोडी त्यांच्या, तर्री आमची. पालकालाही हाच उकळीचा नियम. दोडका आणि लौकीला एवढा सोपस्कार लागत नाही. सासूबाईंना मात्र पाणी ओतताना अजून जड जातं. ‘सगळी ताकद मोरीत चालली,’ म्हणतात. त्यांचं अगदीच चूक नाही, काही जीवनसत्त्वंही त्या पाण्यासोबत जातात.

मिठाचं सोपं वाटलं होतं. दिवसाचं मीठ लहान चमचा सपाट भरून एकच. ते सकाळीच डबीत काढायचं आणि दिवसभर त्यातूनच पुरवायचं. ज्वारीच्या भाकरीत आम्ही मीठ घालत नाही, तेवढी सोय झाली. पण लोणचं, पापड, कुरडई, ठेचा यांतलं मीठ डबीतून जात नाही, म्हणून ते ताटातूनच गेले. मामाजींचं वरण आधी वाटीत काढते आणि घरच्यांसाठी मीठ नंतर टाकते.

एका भाच्याने मात्र प्रेमाने शहरातून ‘कमी सोडियमवालं’ मीठ आणलं. कागदावर त्याच्यासाठी ठळक अक्षरांत ओळ होतीच : ‘हे मीठ नको.’ त्यात सोडियम कमी करण्यासाठी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. म्हणजे जे गंज भरभरून पाण्यात फेकतो, तेच चमच्याने परत घ्यायचं. सैंधवातही मुख्यतः साधंच मीठ असतं, तेव्हा त्याचीही सवलत नाही.

पाण्याचा हिशेब शेवटी आहे. मामाजींच्या पायांवर सूज होती, म्हणून आदल्या दिवसाची लघवी मोजायची आणि तेवढं अधिक अर्धा लिटर, एवढंच द्रव दिवसाला. चहा, ताक, पातळ वरण सगळं त्यातच. ते बाटलीत मोजून ठेवतात आणि बाटलीकडे बँकेच्या पासबुकासारखं पाहतात.

हा कागद गावात फार लोकप्रिय झाला. शेजारचे काकाजी मोबाइलवर फोटो काढून घेऊन गेले, त्यांनाही ‘किडनीचंच’ आहे म्हणून. त्यांना मुतखडा आहे. मुतखड्याला डॉक्टर सहसा पाणी वाढवायला सांगतात आणि हे त्या फोटोवरून पाणी कमी करायला निघाले होते. मी त्यांच्या घरी जाऊन फोटो पुसायला लावला. आमच्याकडेही तो कायमचा नाही. मॅडमनी खाली तारीख टाकली आहे आणि पुढच्या रक्ततपासणीनंतर कागद बदलेल असं सांगितलंय. पोटॅशियम उतरलं तर आलूची उकळी सैल होईल. डायलिसिस सुरू झालं तर आज मोजून वाढतो ते वरण वाढवावं लागेल, कारण तेव्हा शरीराला प्रथिनं जास्त लागतात. मामाजींनी त्यातलं फक्त वरण वाढणार एवढंच ऐकलं. ‘मंग संत्राचं काय?’ असं मॅडमला विचारायला त्यांनी मला सांगून ठेवलंय.