चिऊ-काऊची गोष्ट आणि 480 चौकटी

आमच्या वाचनालयाच्या उन्हाळी शिबिरात यंदा मुलांकडून, कागदी पात्रं थोडीथोडी सरकवत फोटो काढून ते सलग दाखवायचे, अशी छोटी फिल्म करून घ्यायची ठरली. गोष्ट कुठली, यावर फार चर्चा झालीच नाही. चिऊचं घर मेणाचं, काऊचं घर शेणाचं, मोठा पाऊस येतो आणि काऊचं घर वाहून जातं. ही गोष्ट मला पसंत पडली ती एका व्यावहारिक कारणासाठी. तिच्यातला मोठा भाग म्हणजे बंद दाराबाहेर उभा असलेला कावळा. चिऊताई आतून नुसती बोलते, दिसत नाही. म्हणजे तिची चोच हलवायची गरज नाही. हाताशी चौथी ते सातवीची मुलं असली की अशी सूट सोडायची नसते.

लांबी एक मिनिट धरली. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमने चालतो आणि हाताने केलेलं ॲनिमेशन पुष्कळदा एकेक चित्र दोनदा दाखवून 12 वर भागवतं. आम्ही 8 घेतल्या. हालचाल थोडी झटक्याझटक्याने दिसते, पण कागदी पात्रांना ते शोभतं आणि मुलांचा धीरही टिकतो. साठ गुणिले आठ, चारशे ऐंशी. आकडा फळ्यावर लिहिल्यावर सातवीतला एक मुलगा म्हणाला, "ताई, एवढे फोटो काढायचे?" एवढे काढायचे नव्हतेच, पण कुठले काढायचे आणि कुठले नाहीत हे आधी कागदावर ठरवावं लागतं.

त्यासाठी गणिताची चौकटीची वही कामी आली. एक चौकट म्हणजे एक फ्रेम, एका ओळीत आठ चौकटी म्हणजे एक सेकंद. पण चौकटी भरण्याआधी आवाज रेकॉर्ड केला. हा क्रम उलटा केला की चित्र एकीकडे आणि बोलणं दुसरीकडे जातं. कावळा झालेल्या मुलाने "चिऊताई, चिऊताई, दार उघड" म्हटलं, त्याला बरोबर तीन सेकंद लागले. "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे" यालाही तेवढेच. दार ठोठवायला एक सेकंद आणि उत्तरानंतर कावळा गप्प उभा राहतो तो एक. अशी आठ सेकंदांची एक फेरी आणि गोष्टीत तीन फेऱ्या. म्हणजे नुसत्या दारापाशी 24 सेकंद, 192 फ्रेम.

खरी बचत इथेच होती. पाऊस दाखवायला आम्ही ओएचपीच्या पारदर्शक प्लास्टिकवर पांढऱ्या ॲक्रिलिकच्या तिरक्या रेघा ओढून तीन पानं केली होती. प्रत्येक पानावर रेघा थोड्या सरकवलेल्या. पान एक, दोन, तीन, पुन्हा एक असं बदललं की पाऊस पडतो. कावळ्याला चोची दोन, मिटलेली आणि उघडी, दर दोन फ्रेमना बदलायच्या. तीन पानं आणि दोन चोची यांच्या सगळ्या जोड्या होतात सहा. म्हणजे सहा फोटो काढले की ते फोनमधल्या ॲपमध्ये हव्या त्या क्रमाने कॉपी करून कावळ्याचं तीन सेकंदांचं बोलणं तयार. चिऊ बोलते तेव्हा आणि कावळा वाट पाहतो तेव्हा त्यातलेच मिटल्या चोचीचे तीन फोटो पुरतात. ठोठावण्यात पंख हलतो, म्हणून त्या आठ फ्रेम वेगळ्या काढायच्या. फेरीला चौदा फोटो. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत कावळा जास्त भिजलेला, पिसं खाली लोंबणारी हवीत, म्हणून प्रत्येकीचे चौदा वेगळे. 192 फ्रेम 42 फोटोंत बसल्या. बाकीच्या प्रसंगांतही जमेल तिथे असंच करून सगळ्या फिल्मचा हिशेब 480 वरून 284 फोटोंवर आला.

कावळ्याचं चालणं मात्र कॉपी करून भागत नाही. आपल्या घराच्या जागेपासून चिऊच्या दारापर्यंत 24 सेंटिमीटर अंतर होतं आणि त्याला सहा सेकंद दिले होते. 48 फ्रेम, म्हणजे दर फ्रेमला अर्धा सेंटिमीटर. असा सरकवला तर तो रुळावरून घसरत गेल्यासारखा दिसतो, कारण कावळा मध्येमध्ये उड्या मारत जातो. मुलांनी खिडकीतून बघून खात्री करून घेतली. मग दर सेकंदाला चार सेंटिमीटरची एक उडी ठेवली. पहिल्या फ्रेमला अर्धा सेंटिमीटर, मग दीड, पुन्हा दीड, मग अर्धा, आणि उरलेल्या चार फ्रेम कावळा जागच्या जागी. सुरुवातीला आणि शेवटी कमी, मध्ये जास्त, एवढ्यानेच उडीला वजन येतं. हे माप प्रत्येक वेळी पट्टीने घ्यायचं नाही. कागदाच्या एका पट्टीवर सगळ्या खुणा आधीच करून ती कॅमेऱ्यात येणार नाही अशी कावळ्याच्या पायांखाली, चौकटीच्या कडेला चिकटवली. मुलं खुणेवरून खुणेवर कावळा नेत गेली. जागच्या जागी असलेल्या फ्रेमलाही फोटो लागतोच, कारण पावसाचं पान बदलतं.

आता उजेड. मुलांना वाटत होतं, भरपूर उजेड हवा. थोडा असला तरी चालतो, बदलता कामा नये. खिडकीतलं ऊन ढगागणिक बदलतं आणि दोन फोटोंमध्ये आपल्याला ते कळतही नाही. फिल्म चालवली की चित्र लुकलुकतं. म्हणून खिडक्यांना जाड चादरी लावल्या आणि छतावरची ट्यूब बंद. ट्यूबखाली पंखा फिरत असला तर पात्यांची सावलीही कागदावर पडते, आणि मे महिन्यात पंखा बंद ठेवणं ही या कामातली सर्वात अवघड अट होती. तो तसाही बंदच ठेवावा लागतो, नाहीतर कावळ्याचे पंख आपोआप उडतात. दर दहा-पंधरा फोटोंनी सुट्टी, पंखा चालू, सरबत, पुन्हा कामाला.

दोन सारखे एलईडीचे टेबललॅम्प सेटच्या डावी-उजवीकडे, साधारण 45 अंशांत तिरपे ठेवले. फोन मधोमध वरून खाली बघणारा, दोन स्टुलांवर टाकलेल्या फळीला दोऱ्यांनी आणि टेपने घट्ट बांधलेला. फोटो इअरफोनच्या बटणाने काढायचा, फोनला हात लावायचा नाही. स्टॉप मोशन स्टुडिओ या ॲपमध्ये फोकस, एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने पक्के करता येतात. ते ऑटोवर सोडले की काळा कावळा चौकटीत आला रे आला, फोन सगळं चित्र उजळ करून टाकतो.

शटर, म्हणजे एका फोटोसाठी कॅमेरा उजेड आत घेतो तो वेळ, त्याचाही एक हिशेब आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला दिसत नाही. पण शटर 1/500 सेकंदाचं असेल तर एक फोटो उजेडाच्या चढात निघतो आणि दुसरा उतारात. 1/50 ठेवलं की प्रत्येक फोटोत पूर्ण दोन चढउतार मावतात आणि सगळे फोटो सारखे येतात. एवढ्या शटरला चित्र फार उजळ वाटलं तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, कमी करायचा किंवा दिवे लांब सरकवायचे, शटरला हात लावायचा नाही.

एवढं करूनही खात्री करण्याची एकच पद्धत आहे. काहीही न हलवता रिकाम्या सेटचे बारा फोटो काढायचे आणि चालवून बघायचे. चित्र गोठल्यासारखं स्थिर दिसायला हवं. आमचं स्थिर दिसलं. मग हीच चाचणी मुलांना सेटभोवती उभं करून घेतली, तर चित्र पुन्हा लुकलुकायला लागलं. बघितलं तर पांढऱ्या शर्टातला मुलगा वाकला की डावी बाजू उजळायची. तेव्हापासून सेटजवळच्या दोघांना गडद कपडे, आणि फोटोच्या वेळी बाकी सगळ्यांनी जमिनीवरच्या खडूच्या रेघेमागे उभं राहायचं. "रेघ!" अशी आरोळी झाल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हा नियम मुलांनीच केला.

कॉपी केलेल्या फ्रेमच्या बाबतीत ही काळजी दुप्पट. सलग हालचालीत एखादा फोटो किंचित अंधारा निघाला तर तो एकदाच दिसतो आणि निभावून जातं. पण त्या सहांपैकी एक अंधारा असेल तर तो ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतो आणि दारापाशी कुणी दिवा मिचकावतंय असं वाटतं. म्हणून ते सहा फोटो मध्ये सुट्टी न घेता एका दमात काढले आणि तिथेच चालवून बघितले. मागचा पडदाही आम्ही मुद्दाम पांढरा घेतला नव्हता. मोठ्या फिक्या सपाट भागावर उजेडातला जरासा फरकही उठून दिसतो. राखाडी-निळ्या कागदावर स्पंजाने ठिपके मारून आभाळ केलं होतं, त्यात तो लपतो.

प्लास्टिकच्या पानांनी दोन कटकटी केल्या. पान उचललं की स्थिर विजेने कावळ्याची चोचही त्याला चिकटून वर यायची. म्हणून चार कोपऱ्यांवर काडेपेट्या ठेवून पान कागदापासून वर उचललं आणि मधूनमधून ओलसर फडक्याने पुसत राहिलो. दुसरं म्हणजे प्लास्टिकमध्ये फोनचं आणि फळीचं प्रतिबिंब दिसायचं. काळ्या कार्डशीटला लेन्सएवढं भोक पाडून ते फोनखाली लावलं, प्रतिबिंब गेलं.

काऊचं घर वाहून जातं तो प्रसंग सगळ्यात शेवटी ठेवला, कारण तो परत करता येत नाही. दहा सेकंद, 80 फ्रेम. पहिल्या 24 मध्ये नुसता पाऊस, पुढच्या 40 मध्ये घर विरघळतं, शेवटच्या 16 मध्ये रिकामी जागा आणि कावळा. घर तपकिरी कागदाचं होतं आणि दर दोन फ्रेमना त्याचा एक तुकडा कमी करायचा, म्हणजे वीस तुकडे. घरं दोन केली होती. एक सरावासाठी कात्रीने कापलं, तेव्हा कळलं की कात्रीची धार सरळ दिसते आणि घर विरघळल्यासारखं न वाटता कुणी कापून नेल्यासारखं वाटतं. दुसरं मुलांनी बोटांनी फाडलं. फाटलेल्या कडेचा फिका तंतू ओल्या शेणासारखा दिसतो. निघालेले तुकडे फेकले नाहीत, पावसाबरोबर दर फ्रेमला थोडे खाली सरकवत चौकटीबाहेर काढले. एक मुलगी तुकडे मोजत होती, दुसरी वहीतल्या चौकटीवर फुली मारत होती. विसाव्या तुकड्याला चाळिसावी फुली पडली आणि 16 रिकाम्या फ्रेमसाठी मुलांनी पुन्हा पावसाचं पहिलं पान उचललं.