पार्सल आलंच नाही आणि स्क्रीनवर मात्र 'डिलिव्हर्ड' : शिलाई मशीनचे पैसे परत मिळवताना आलेला माझा अनुभव

पैसे आले त्याला आता महिना होत आला तरी राग काही गेला नाहीये, म्हणून लिहून काढते. मी धायरीत राहते, घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. जुनं मशीन लग्नसराईत ऐनवेळी दगा द्यायला लागलं म्हणून ९,४९९ रुपयांचं मोटरवालं मशीन ऑनलाइन मागवलं, पैसे आधीच यूपीआयने भरले. ऑर्डर देणं वगैरे सगळं नीट झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मंगळवारी ६ मेला रात्री ८ वाजून ५२ मिनिटांनी मेसेज आला, तुमचं पार्सल डिलिव्हर झालं. आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. बेल वाजली नाही, फोन आला नाही. मला वाटलं खाली गेटवर ठेवलं असेल, तशीच हात धुऊन खाली गेले, वॉचमन काका म्हणाले ताई आत्ता तर कोणीच आलं नाही. खोक्यासकट सहा-सात किलोचं मशीन, ते काही दाराखालून सरकवलेलं पाकीट नाही की दिसणार नाही. काकांनी रजिस्टर उघडून दाखवलं, त्या दिवशीची कुरियरची शेवटची एन्ट्री संध्याकाळी ६.१० ची, तीही दुसऱ्या विंगची. मी तिथल्या तिथे त्या पानाचा फोटो काढला. पुढे त्या फोटोचा फार उपयोग झाला, त्यामुळे तुमच्याकडे असं रजिस्टर असेल तर त्याच रात्री फोटो काढा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी अॅपमध्ये गेले तर 'मिळालं नाही' असा पर्यायच सापडेना. परत करा, बदलून घ्या, एवढंच दिसत होतं. माझी बहीण म्हणाली परत करा वर टाक, तसे तरी पैसे मिळतील. नशीब मी तसं केलं नाही. आपण 'रिटर्न' दाबतो म्हणजे वस्तू आपल्याकडे आहे असं आपणच लिहून देतो, मग न्यायला माणूस येतो, आपल्या हातात द्यायला काही नसतं, तो 'ग्राहकाने वस्तू दिली नाही' असं टाकून जातो आणि आपलीच बाजू पडते. शेजारच्या विंगमधल्या एका ताईंचं अगदी असंच झालं होतं. म्हणून रिटर्न दाबू नका, थेट चॅटवर जा आणि पहिल्याच वाक्यात लिहा की पार्सल मिळालेलं नाही.

आता खरा त्रास सुरू होतो तो इथेच. चॅटवर जो कोणी होता त्याने आधी दहा मिनिटं माझा ऑर्डर नंबर, नाव, पत्ता विचारला (हे सगळं त्याच्या समोर असतंच) आणि मग सांगितलं की घरच्यांना विचारा, शेजारी विचारा, ४८ तास वाट बघा. मी शेजारी विचारलं, वाट बघितली. शुक्रवारी बघते तर तक्रारीसमोर 'सोडवली' असं लिहिलेलं! कोणी फोन केला नाही, काही विचारलं नाही, ४८ तास संपले आणि तक्रार आपोआप बंद. शनिवारी परत चॅट, परत नवीन माणूस, परत पहिल्यापासून सगळी कथा. हा म्हणाला, 'मॅडम, ओटीपी देऊन डिलिव्हरी झालीये.' माझ्या फोनवर ओटीपी आलाच नव्हता, मी सगळे मेसेज तपासले होते. तसं लिहिलं तर म्हणे आमच्या रेकॉर्डमध्ये असंच आहे, आणि चॅट बंद.

सोमवारी मी कुरियरच्या साइटवर गेले. पार्सलच्या मेसेजमध्ये एक लांब ट्रॅकिंग नंबर असतो, एडब्ल्यूबी म्हणतात त्याला, तो विक्रेत्याच्या अॅपमध्ये न टाकता कुरियरच्या स्वतःच्या साइटवर टाकायचा, तिथे जास्त माहिती दिसते. तिथे होतं, पार्सल घेणारा 'स्वतः', सहीसह. म्हणजे चॅटवाला सांगतो ओटीपी दिला आणि कुरियर सांगतं सही झाली. दोन्हीचे स्क्रीनशॉट काढून ठेवले. कुरियरला फोन लावला तर ते म्हणाले विक्रेत्याशी बोला, आणि विक्रेता चार दिवस मला सांगत होता कुरियरशी बोला. मी पैसे कुरियरला दिलेलेच नाहीत, कुरियर त्यांनी निवडलंय, तर त्याला शोधत मी का फिरायचं? हे एकदा डोक्यात पक्कं बसलं आणि मी चॅट करणं सोडून दिलं.

मंगळवारी १३ तारखेला मी मेल लिहिला, आणि साध्या कस्टमर केअरला नाही, तक्रार निवारण अधिकाऱ्याला. अॅपच्या किंवा साइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात 'ग्रीव्हन्स ऑफिसर' असं असतं, तिथे नाव आणि मेल आयडी मिळतो. ई-कॉमर्सचे २०२० चे जे नियम आहेत ग्राहक संरक्षण कायद्याखालचे, त्यात हा अधिकारी नेमणं आणि त्याची माहिती साइटवर देणं बंधनकारक आहे, त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची असंही त्यात लिहिलंय. हे मला आधी माहीत असतं तर चॅटवर एक आठवडा घालवला नसता.

पहिला मेल रागात लिहिला होता, दीड पानाचा, लग्नाच्या ऑर्डरी, माझं नुकसान, तुमची माणसं कशी बोलतात सगळं त्यात. यांनी वाचला आणि म्हणाले, यातून काय हवंय तेच कळत नाहीये. मग सगळं काढून टाकलं आणि परत लिहिला. इंग्रजीत पाठवला होता, मराठीत साधारण असा:

'ऑर्डर क्रमांक अमुक. पार्सल ६ मे रोजी रात्री ८.५२ ला दिल्याचं दिसतं. ते मला किंवा घरातल्या कोणालाही मिळालेलं नाही. सोसायटीच्या गेट रजिस्टरमध्ये त्या वेळी कुरियरची नोंद नाही, फोटो जोडला आहे. तुमच्या चॅटमध्ये ओटीपीने डिलिव्हरी झाल्याचं सांगितलं, कुरियरच्या साइटवर सही दिसते, दोन्हीचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. मला ओटीपी आलेला नाही आणि मी सही केलेली नाही. कृपया डिलिव्हरीचा पुरावा, म्हणजे सही, फोटो आणि लोकेशन पाठवा. पुरावा नसेल तर ९,४९९ रुपये ज्या खात्यातून भरले तिथेच परत करा. २० मेपर्यंत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करेन.'

एवढंच. यात 'पुरावा पाठवा' हे वाक्य सगळ्यात कामाचं निघालं, कारण तोपर्यंत सगळे मला सांगत होते की पुरावा आहे, पण दाखवत कोणीच नव्हतं.

१५ ला तिकीट नंबर आला. पण १६ ला पुन्हा तेच छापील उत्तर, आमच्या नोंदीनुसार पार्सल दिलं गेलं आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. मग मी २० ची वाट बघितलीच नाही, त्याच दिवशी consumerhelpline.gov.in वर तक्रार टाकली, १९१५ ला फोन करूनही करता येते. तिथला तक्रार क्रमांक मिळाला, तो त्याच मेलच्या खाली उत्तर देऊन कळवला. नवीन मेल सुरू करू नका हं, त्याच मेलवर उत्तर देत राहा, म्हणजे जो कोणी उघडेल त्याला पहिल्यापासूनचं सगळं एका जागी दिसतं आणि परत 'ऑर्डर नंबर सांगा' होत नाही.

२० तारखेला दुपारी मेल आला, सोबत एक फोटो. आमचा 'डिलिव्हरीचा पुरावा'. मी मोठा करून बघितला. एक हिरवा रंगवलेला लाकडी दरवाजा, त्याला प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण, उंबऱ्यावर लक्ष्मीच्या पावलांचं स्टिकर, आणि दारासमोर खोका. खोका माझाच असावा, मशीनचं चित्र होतं त्यावर. पण दरवाजा माझा नव्हता! आमच्या सोसायटीत सगळ्या फ्लॅटना बाहेरून काळी लोखंडी ग्रिल आहे, बिल्डरनेच बसवून दिलेली, असं नुसतं लाकडी दार एकही नाही. मी लगेच बाहेर जाऊन आमच्या दाराचा फोटो काढला, दारावरचा फ्लॅट नंबर दिसेल असा, मजल्यावरच्या बाकी तिन्ही दारांचा पण काढला, आणि दोनच ओळी लिहून पाठवला: तुमच्या फोटोतला दरवाजा आमच्या इमारतीत कुठेच नाही, फोटो काढला त्या जागेचं लोकेशन पाठवा. लोकेशन त्यांनी शेवटपर्यंत पाठवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा एका माणसाचा फोन आला, नीट बोलला, आणि २३ ला रिफंड मंजूर झाल्याचा मेल आला. हेल्पलाइनमुळे झालं की दाराच्या फोटोमुळे ते मला सांगता येणार नाही, पण तो मेल बघून मी मशीनच्या जुन्या स्टुलावर बसून रडले हे खरं.

आणि हो, मध्ये एकदा वॉलेटमध्ये पैसे आणि वर २०० रुपयांचं कूपन देतो म्हणाले होते. घेऊ नका. वॉलेटमधले पैसे त्यांच्याकडेच खर्च करावे लागतात. ज्या खात्यातून गेले तिथेच मागा.

मंजूर झाले म्हणजे आले असं पण नसतं. २७ पर्यंत खात्यात काही नाही, ते म्हणतात आम्ही पाठवले, बँक म्हणते आमच्याकडे आले नाहीत. अशा वेळी त्यांच्याकडे रिफंडचा आरआरएन मागायचा, यूपीआयचा तो १२ आकडी नंबर असतो, तो बँकेला दिला की पैसे कुठे आहेत ते शोधता येतं. मी नंबर मागितला आणि २८ ला सकाळी ९,४९९ जमा. त्यांनी आधी पाठवलेच नव्हते असा माझा पक्का संशय आहे.

एक राहिलं, ते फार महत्त्वाचं. या सगळ्या काळात गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन करू नका. माझ्या सासूबाईंनी माझी धडपड बघून असा एक नंबर शोधून लावला होता, समोरचा अगदी गोड बोलत होता, एक अॅप टाकून घ्या आणि रिफंडसाठी पिन टाका म्हणाला. पैसे येताना यूपीआय पिन कधीच लागत नाही, पैसे जाताना लागतो. मी वेळेवर घरात आले म्हणून वाचलो. नंबर हवा असेल तर अॅपमधूनच घ्या.

सीसीटीव्हीचंही सांगते. आमच्या सोसायटीच्या मशीनमध्ये १५ दिवसांचंच रेकॉर्डिंग राहतं, मग त्यावर नवीन चढतं. सेक्रेटरी काकांना विनंती करून मी १० तारखेलाच ६ मेच्या रात्री साडेआठ ते सव्वानऊचं फुटेज पेन ड्राइव्हवर घेतलं होतं. लागलं नाही शेवटी, पण २० ला ते मागायला गेले असते तर हातात एकच दिवस उरला असता.

नवीन मशीन मी आता लक्ष्मी रोडच्या दुकानातून घेतलं, त्यांच्या माणसाने घरी आणून, सुई-दोरा ओवून, एक शिवण चालवून दाखवली आणि मगच सही घेतली.